महाल ते बेसा : एका घर-शिफ्टिंगच्या नोंदी

१४ मे

आज नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाजवळच्या घराची पाहणी केली. जुना वाडा आहे, कुटुंब पहिल्या मजल्यावर राहतं. काका, काकू, मुलगा, सून आणि दुसरीतली नात. बेशाला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, २१ तारखेला हलायचं. शाळा उघडायच्या आत घर लागलं पाहिजे, असं सूनबाईंचं म्हणणं.

पाहणीला मी नेहमी मामांना सोबत घेतो. मामांनी कळमन्याच्या बाजारात बरीच वर्षं हमाली केली आहे. सामान किती आहे ते मी बघतो आणि ते कुठून निघणार ते मामा बघतात. लोक फोनवर सांगतात, "टू बीएचके आहे, जास्त काही नाही." पण कामाचा अंदाज खोल्यांवरून लागत नाही. जिना, दारं आणि टेम्पो किती लांब उभा राहतो, या तीन गोष्टींवर लागतो.

इथे टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच थांबणार. मी पावलं मोजली, वाड्याच्या दिंडीदरवाज्यापासून १४० भरली. म्हणजे प्रत्येक नग १४० पावलं उन्हात वाहायचा. हातगाडी लागेलच.

अडचणीची वस्तू एकच, लोखंडी कपाट. काकूंच्या लग्नातलं, जुन्या जाड पत्र्याचं, दाराला आरसा. उंची ७८ इंच, रुंदी ३६, खोली १९. रिकामं असलं तरी ८० किलोच्या आसपास भरेल. काकू म्हणाल्या, "याच घरात आलं ना जी ते, तर जाईनच." मामांनी विचारलं, "आणलं तेव्हा हा जिना असाच होता का?" तेव्हा काका बोलले. कपाट आलं त्या काळी जिना उघडा होता. नंतर बाजूने भिंत घातली आणि वर माळा टाकला. म्हणजे कपाट आत आलं होतं ती वाट आता राहिलेलीच नाही.

जिना ३८ इंच रुंद आहे. मध्ये एक थांबा, तिथून उलट वळून दुसरी ओळ खाली अंगणात उतरते. थांबा ३८ इंच खोल, आणि त्याच्यावरून माळ्याची तुळई आडवी गेलीय. थांब्याच्या फरशीपासून तुळईच्या खालच्या कडेपर्यंत ८२ इंच. मी पटकन म्हणालो, कपाट ७८, तुळई ८२, चार इंच मोकळे. मामांनी मान हलवली आणि खिशातून सुतळी काढली.

सुतळीचं एक टोक त्यांनी कपाटाच्या बाजूला, मागच्या खालच्या कोपऱ्यावर धरलं. तिथून तिरकी पुढच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली आणि गाठ मारली. मग तीच सुतळी थांब्यावर नेऊन तुळईखाली उभी धरली. गाठ तुळईच्या खाली दीडेक इंचावर आली.

याचं कारण असं. जिन्यावरून कपाट पाठीवर निजलेलं उतरतं आणि थांब्यावर आलं की उभं करावं लागतं. उभं होताना ते मागच्या खालच्या कडेवर फिरतं. त्या फेऱ्यात पुढचा वरचा कोपरा सगळ्यात उंच जातो. किती उंच, तर बाजूच्या कर्णाइतका, म्हणजे सव्वाऐंशी इंच. तुळईखालून फक्त ७८ चं कपाट पार करायचं नाही, ८०¼ चा कोपरा पार करायचा आहे. तेच कपाट कुशीवर उतरवलं तर रुंदीचा कर्ण लागू होतो, तो जवळपास ८६ इंच. तो तुळईखालून कधीच जाणार नाही. म्हणून उतरवायचं ते पाठीवरच. आरसाही वर राहतो, हा वेगळा फायदा.

संध्याकाळी बेशाला जाऊन आलो. चार मजले, लिफ्ट आहे. लिफ्टचं दार २८ इंच रुंद आणि पावणेएकोणऐंशी इंच उंच, आत डबा ४३ बाय ३९. कपाट उभंच ठेवून १९ ची बाजू पुढे केली तर दारातून आणि डब्यात मावतं. वर पाऊण इंच सुटतो. सोसायटीचा नियम, सामान सकाळी १० च्या आधी वर न्यायचं नाही. मे महिन्यात नागपुरात १० नंतर सामान वाहणं म्हणजे काय ते सांगायला नको. तिथल्या पदाधिकाऱ्यांना विनंती केली. सामान त्याआधी पार्किंगच्या सावलीत उतरवून ठेवायला हो म्हणाले, वर मात्र १० नंतरच.

१६ मे

माणसं ठरली. मामा, मी आणि दोन तरणी पोरं. छोटा हत्ती दोन फेऱ्यांसाठी बोलून ठेवला.

इतवारीतल्या किराणा दुकानांतून खोकी आणली, ४५ नग. तेलाच्या पाकिटांची खोकी जाड आणि लहान असतात, ती पुस्तकं आणि भांड्यांसाठी. बिस्किटांची मोठी पण पातळ असतात, त्यांत कपडे आणि उशा. खोकं घेताना मी खालचा कोपरा अंगठ्याने दाबून बघतो. दबून तसाच राहिला तर त्याला आधी कधीतरी ओल लागलेली असते, असं खोकं घेत नाही. वरून कितीही कोरं दिसो, वजन आलं की त्याचा तळ सुटतो.

बाकी सामान आमचंच : दोन जाड दोर, नवारीचे चार पट्टे, बारदान, सहा गोधड्या, दोन सरळ बांबू, पाने, पेचकस, रद्दी आणि चिकटपट्टी.

१९ मे

पॅकिंगचा पहिला दिवस. काकूंना आधीच सांगितलं होतं की रोजचं स्वयंपाकघर शेवटच्या दिवशी बांधू, आज फक्त माळा, शोकेस आणि पुस्तकं.

आमच्या नव्या पोराने काकांची पुस्तकं मोठ्या खोक्यात गळ्यापर्यंत भरली. मी उचलून बघायला सांगितलं. दोघांना मिळून जड जात होतं. पुस्तकांचं खोकं १५ किलोवर जाऊ द्यायचं नाही. एका माणसाला ते छातीशी धरून, समोर बघत जिना उतरता आला पाहिजे. खोक्याचं वजन वाढलं की माणूस पाय कुठे पडतो ते बघायचं सोडून हाताकडे बघायला लागतो. खोकं रिकामं करून दोन लहान खोक्यांत भरलं, वरच्या फटीत उशीच्या खोळी कोंबल्या. खोक्यात पोकळी राहिली तर वरच्या वजनाने ते दबतं, म्हणून कमी भरायचं पण मोकळं सोडायचं नाही.

तळाला चिकटपट्टी शिवणीवर दोन पदरी आणि तिच्यावर एक आडवी. नंबर वर न लिहिता दोन बाजूंवर लिहायचा. रचल्यावर वरचा भाग दिसतच नाही. काकूंच्या वहीत प्रत्येक नंबरसमोर खोली आणि आत काय ते लिहिलं. वही नातीने हातात घेतली, अक्षर सुंदर आहे तिचं.

२० मे

आज कपडे, देवघर सोडून बाकी सगळं, आणि फ्रिज.

फ्रिज दुपारीच बंद करून रिकामा करवला. बर्फ वितळून पाणी आज निघालं नाही तर उद्या ते टेम्पोत खोक्यांवर गळतं. दार मी सुती पट्टीने बांधतो. चिकटपट्टी लावली की उन्हात तिचा डिंक रंगावर उतरतो आणि मग तो घासून काढताना ओरखडे येतात. कपाटालाही तेच, चिकटपट्टी पत्र्याला कुठेही लावायची नाही.

कपाट रिकामं केलं. आतले कप्पे काढून त्यांची वेगळी चळत बांधली, लॉकरमधलं काकूंनी स्वतः आपल्या पिशवीत घेतलं. कपाट हलवताना आत काहीही ठेवायचं नाही, हँगरसुद्धा नाही. कपाट तिरकं झालं की आतली वस्तू सरकते आणि तोल एका माणसाच्या अंगावर जातो. दारं बंद करून किल्ली काढली, दोन ठिकाणी नवार आवळली. आरशावर गोधडी.

कूलर आजच सोडायचा नाही, असं सगळ्यांचं एकमत झालं. आजची रात्र त्यांना इथे काढायची आहे आणि उद्याची तिथे.

२१ मे

पहाटे ५ ला पोहोचलो. अजून गारवा होता. काकूंनी देवघर स्वतः बांधून एका कापडात घेतलं, चहा झाला आणि काम सुरू केलं.

कपाट सगळ्यात आधी काढायचं ठरलं होतं, माणसं ताजी असताना आणि जिना मोकळा असताना. पायऱ्यांवर दोन बांबू रुळांसारखे उभे टाकले, त्यांच्यावर बारदान. कपाट पाठीवर निजवलं, पायाचा भाग खाली. जिना ३८ आणि कपाट ३६, त्यामुळे बाजूंना हात मावत नाहीत. धरायचं ते फक्त खालच्या आणि वरच्या टोकाला. खाली दोघं आणि वर मी. शिवाय कपाटाच्या पोटाभोवती बांधलेला दोर वरच्या ओसरीतल्या सागवानी खांबाला दीड वेढा घालून मामांच्या हातात. ८० किलो मामा हातांवर पेलत नव्हते. वेढ्याच्या घर्षणावर ते वजन बसलं होतं, मामा फक्त दोर चिमटीचिमटीने सोडत होते. दोर बांधायच्या आधी खांब हलवून आणि खालून ठोकून बघितला होता. पोकळ आवाज आला असता तर तो खांब वापरला नसता.

पहिली ओळ सुरळीत उतरली. पाय थांब्यावर टेकले, खालची दोघं थांब्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात सरकली आणि आम्ही कपाट उभं करायला लागलो. अर्ध्याच्या वर आलं आणि अडलं. तुळईला घासून थांबलं. ना पूर्ण उभं, ना आडवं.

मला क्षणभर सुचेना. सुतळी तर दीड इंच मोकळी दाखवत होती. वरून मामांनी विचारलं, "गोधडी धरली होती का मापात?" नव्हती धरली. काल मीच हौसेने वरच्या कोपऱ्यावर गोधडीची घडी घातली होती, आरशाच्या बाजूलाही होती आणि पायाखाली बारदान दुमडलेलं. वर एक इंच, पुढे एक, खाली एक. म्हणजे ७८ चे ८० झाले, १९ चे २०, आणि कर्ण साडेब्याऐंशीच्या जवळ. तुळई ८२ ला. अर्ध्या इंचाने अडलो होतो.

अशा वेळी जोर लावायचा मोह होतो. खालचा पोरगा म्हणालाच, "दादा, एक हिसका देऊ का?" हिसका दिला असता तर पाय थांब्यावरून घसरले असते आणि ८० किलो त्या दोघांवर आलं असतं. मामांनी दोर ताणून धरला, आम्ही कपाट परत तिरकं केलं, दोन पायऱ्या वर ओढलं आणि खांबाला दोर पक्का बांधला. गोधडी आणि खालचं बारदान काढलं. आरशावर फक्त एक चादर ठेवली. दुसऱ्या वेळी कोपरा तुळईखालून गेला. मी बाजूने डोकं घालून बघत होतो, बोटभराची फट दिसली.

थांब्यावर उभं कपाट फिरवायचं नव्हतंच. ३६ बाय १९ च्या तळाचा कर्ण ४१ इंच होतो आणि थांबा ३८ चा, त्यामुळे तिथे ते गोल फिरत नाही. बाजूला सरकवून दुसऱ्या ओळीसमोर आणलं आणि तसंच पाठीकडे झुकवून, या वेळी डोकं खाली करून, अंगणात उतरवलं. आतले कप्पे काढले नसते तर इथे ते सगळे एका टोकाला आले असते. अंगणात पुन्हा सरळ उभं केलं तेव्हा सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पंचवीस मिनिटं एका गोधडीने खाल्ली.

पुढचं काम भराभर झालं. हातगाडीवर खोकी, १४० पावलं, गल्लीच्या तोंडाशी टेम्पो. कपाट केबिनला पाठ लावून उभं आणि आवळून बांधलेलं, शेजारी फ्रिज उभा. जड खोकी तळाला, कपड्यांची वर. पहिली फेरी साडेसातला निघाली. सक्करदऱ्यावरून मानेवाडा, तिथून बेसा. उशीर झाला की त्या रस्त्यावर गर्दी लागते. गॅसचा सिलिंडर आम्ही टेम्पोत घेत नाही. रेग्युलेटर काढून, टोपी लावून, मुलगा तो आपल्या गाडीत उभा ठेवून घेऊन गेला.

दुसऱ्या फेरीत सगळ्यात शेवटी चढवला तो कूलर, त्याच्यासोबत स्टँड, एक बादली आणि रात्रीच्या अंथरुणांची गाठोडी. शेवटी चढतं ते आधी उतरतं. मेमध्ये घर लावायला दोन दिवस लागले तरी चालतात, पण त्या रात्री कूलर लागलाच पाहिजे, घरात लहान मूल आहे. टाकीचं पाणी पूर्ण काढलं, तिन्ही बाजूंच्या ताट्या खिळ्या न हरवता काढून वेगळ्या बांधल्या, पंप टाकीतून काढून त्याची वायर गुंडाळली. पंप आत लोंबकळत ठेवला की प्रवासात त्याची नळी तुटते. ही आमची एका आधीच्या घरची चूक, पुन्हा करायची नाही.

सव्वानऊला बेशाच्या पार्किंगमध्ये दोन्ही फेऱ्यांचं सामान सावलीत उतरलं. दहापर्यंत थांबलो. काकूंनी सोबत आणलेलं पन्हं सगळ्यांना दिलं, आधी मामांना.

दहा वाजता लिफ्ट. या वेळी मी आधी कपाटावरचं सगळं काढलं, चादरसुद्धा. दार पावणेएकोणऐंशी आणि कपाट ७८, पाऊण इंच. इथे तिरकं करायला जागाच नाही. ३६ इंचाच्या तळाची एक कड पाऊण इंच उचलली तरी वरचा कोपरा दाराच्या चौकटीला लागतो. म्हणून उचलायचंच नाही, सरकवायचं. पायांखाली पातळ जुनी चादर घातली, दोघांनी खालून ढकललं आणि मी वरच्या फटीकडे बघत राहिलो. आत जाताना लिफ्टचा तळ जमिनीच्या समपातळीत आहे ना, ते आधी बघून घेतलं होतं. किंचित खाली होता, ते बरं झालं. वर चौथ्या मजल्यावर मात्र तोच फरक चढ होऊन समोर आला. आमची पत्र्याची पट्टी मध्ये टाकली आणि चादर धरून हळूच ओढून घेतलं. आरसा शाबूत.

साडेअकराला शेवटचं खोकं वर गेलं. कूलर गॅलरीत लागला, पण स्टँड सहा इंच बुटकं पडलं, खिडकीची चौकट इथे उंच आहे. पाहणीच्या दिवशी मी सांगितलं होतं, त्यांच्याकडून राहून गेलं. विटा रचून त्यावर भरलेला कूलर उभा करायला मी नाही म्हणालो. भरलेल्या टाकीचं वजन विटांवर डुगडुगतं. आजच्या रात्रीपुरता कूलर गॅलरीच्या दारात जमिनीवर लावून दिला. हवा खाली लागते, पण झोपणारी माणसंही खालीच असणार होती.

फ्रिज उभाच आला होता, तरी तीन तास बंद ठेवायला सांगितलं.

२२ मे

सकाळी जाऊन खोकी खोलीवार लावून दिली, पलंग जोडला, कपाटात कप्पे बसवले. कपाटाचं दार लागताना खालून घासत होतं. काकू घाबरल्या की पत्रा वाकला. पत्रा वाकला असता तर वरची फट एका बाजूला रुंद दिसली असती, ती सारखीच होती. फरशीचा उतार होता. पुढच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली, दार बिनआवाज लागलं. काकूंनी दार तीनदा उघडून बंद करून बघितलं आणि मग आतून लॉकरमध्ये त्यांची पिशवी ठेवली.

वहीत ४१ नंबर, खोकी ४१. कूलरच्या ताटीची एक खिळी मिळाली नाही, नवी आणून लावली.

हिशेब : माणसं चार, प्रत्येकी ९००. टेम्पोच्या दोन फेऱ्या ३,०००. खोकी, चिकटपट्टी, सुतळी मिळून ८५०. पॅकिंगच्या दोन दिवसांचे वेगळे. ठरल्याप्रमाणे सगळे मिळाले, वर मुलाने पोरांच्या हातात काही ठेवलं.

२४ मे

मुलाचा फोन. वेल्डिंगवाल्याकडून स्टँडचे पाय सहा इंच वाढवून घेतले, कूलर खिडकीत बसला.

आमच्या पाहणीच्या वहीत आज एक रकाना वाढवला : "बांधल्यावरचं माप". आता कपाट, सोफा, फ्रिज यांची मापं दोनदा लिहायची, उघड्या वस्तूची आणि गोधडी धरून. जिथे फट दोन इंचांपेक्षा कमी, तिथे ती वस्तू उघडीच न्यायची आणि गोधडी भिंतीला, तुळईला, चौकटीला बांधायची. पोरांना हे पटायला वेळ लागला नाही, २१ तारखेला थांब्यावर तेच उभे होते.

मामांनी सुतळीच्या गाठीच्या वर दोन इंचांवर दुसरी गाठ मारून दाखवली. पहिली गाठ वस्तूची, दुसरी बांधलेल्या वस्तूची. दुसरी गाठ तुळईखाली आली तरच गोधडी.

उद्या धरमपेठेत पाहणी आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, एल आकाराचा सोफा आणि वळणाचा जिना. सुतळी पिशवीत टाकली.